सातव्या कोड्याचे आभार

गुरुजी, तुमचे सातवे कोडे चुकीचे होते. हे वाक्य लिहायला मला सकाळची पूजा आटोपल्यापासून आत्तापर्यंतचा वेळ लागला, आणि लिहून झाल्यावर सवयीने मी आसपास पाहिले, तुम्ही मागे उभे तर नाही ना म्हणून. तुम्ही नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाली की तुमच्या वर्गात बसलेल्यांपैकी निम्मे तुमच्यामागून निघून गेले. उरलेल्यांपैकी मी एक. रोह्यात राहतो, संस्कृत शिकवून निवृत्त झालो, नदीपलीकडच्या अष्टमी गावाला रोज सायंकाळी चालत जाऊन येतो, आणि शहात्तराव्या वर्षी, पेणच्या आपल्याच शाळेच्या व्यासपीठावर, मंगलाचरणापासून तोपर्यंत शंभर वेळा घसा खाकरलेल्या दोनशे माणसांसमोर, मला तुमची चूक सांगावी लागली. तीही आभारप्रदर्शनात. मी तुमच्यावर रागावलो आहे. शिष्याने गुरूवर रागावू नये हे मला कोणी सांगायला नको. ते मीच आयुष्यभर इतरांना सांगत आलो.

झाले असे. शाळेने तुमच्या स्मरणार्थ बुद्धिबळ आणि कोड्यांची आंतरशालेय स्पर्धा ठेवली. तुमच्या नावाचा फिरता चषक. समितीतली मंडळी माझ्याकडे आली तेव्हा त्यांची अडचण त्यांच्या तोंडावर लिहिलेली होती. मी सर्वांत जुना विद्यार्थी, तेव्हा मला काहीतरी मान देणे भाग होते. अध्यक्षपद एका संस्थाचालकांना जायचे होते, प्रमुख पाहुणे अलिबागहून यायचे होते, दीपप्रज्वलनालाही पाच माणसे ठरलेली होती. "सर, आभार तुम्ही माना ना," समितीचे चिटणीस म्हणाले. हा तुमच्याच शाळेत गणित शिकवणारा तरुण, उत्साही आणि सतत घाईत. "आभाराला वजन पाहिजे." सभेत वजनदार मनुष्याला शेवटी बोलवतात ते त्याचे ऐकायचे नसते म्हणून, हे मला कळत होते. तरी मी होकार दिला, आणि वर विचारले, "कोड्यांचा पेपर कोण काढणार?" ते अजून ठरायचे होते. माझ्याकडे तुमची वही होती.

ती निळ्या पुठ्ठ्याची वही तुम्ही मला दिली होती. त्यात तुमच्या हाताने आखलेले बारा पट, प्रत्येकाखाली 'पांढऱ्याची खेळी, दोन खेळ्यांत मात' आणि वहीच्या शेवटच्या पानावर बारा उत्तरे. मी ते बारा पट जसेच्या तसे उतरवून दिले. शेवटच्या पानावरून उत्तरपत्रिका केली. एकही कोडे पटावर मांडून पाहिले नाही. गुरुजी, विश्वसनीय माणसाचे वाक्य हे प्रमाण, असे मी चाळीस वर्षे मुलांना शिकवले. पण ते प्रमाण प्रत्यक्षाच्या विरुद्ध गेले तर काय, हा प्रश्न एखाद्या मुलाने विचारला की 'पुढच्या वर्षी' म्हणून पुढे ढकलत आलो. ते पुढचे वर्ष यंदा आले.

स्पर्धेची रीत तुम्हाला आवडली असती. सकाळी डावांच्या पाच फेऱ्या, कोणीही बाद होत नाही, प्रत्येक फेरीनंतर सारखे गुण असलेल्यांना एकमेकांसमोर बसवायचे. जिंकल्यास एक गुण, बरोबरीस अर्धा. हात लावलेली सोंगटी खेळलीच पाहिजे, हा नियम पंचांनी दोनदा मोठ्याने वाचून दाखवला. पंच वडखळच्या बाजूचे एक प्रौढ गृहस्थ, आवाज खाडीकाठच्या माणसाचा, पलीकडच्या होडीला ऐकू जाईल असा. जेवणानंतर एक तास कोड्यांचा पेपर. बारा कोडी, प्रत्येकी एक गुण, आणि फक्त पहिली खेळी लिहायची. हे फक्त पहिली खेळी लिहिणे लक्षात ठेवा, कारण सगळा घोटाळा त्यातूनच झाला. दोन तरुण शिक्षक माझी उत्तरपत्रिका शेजारी ठेवून भराभर तपासत होते. वही बरोबर म्हणते ते बरोबर. डावांचे आणि कोड्यांचे गुण मिळवून ज्याचे अधिक, त्याचा चषक.

आता तुमचे सातवे. तुम्हाला आठवत असेलच, पण मी मांडतो, कारण ते साठ वर्षांनी खरोखर मांडल्यावरच मला दिसले. काळ्याकडे फक्त राजा. तो उजव्या काठाच्या पट्टीत, वरच्या कोपऱ्यापासून एक घर खाली. पांढरा राजा त्याच्यापासून घोड्याच्या उडीवर, त्याची वाट अडवून उभा. पांढऱ्या राजाच्या बरोबर पुढे पांढरे प्यादे, शेवटच्या ओळीला एकच पाऊल कमी. आणि एक पांढरा उंट, त्याच काठावर, काळ्या राजाच्या खाली एक घर सोडून. प्यादे पुढे सरकवून वजीर केला की काळ्याला शह नाही आणि सरकायला एकही घर नाही. डाव बरोबरीत, हाती आलेला विजय गेला. म्हणून वजीर न करता हत्ती करायचा. मग काळ्याला खालचे एकच घर मोकळे राहते, तो तिथे उतरतो, हत्ती कोपऱ्यात जातो, मात. मोठे मिळत असताना लहान घ्यावे, यावर तुम्ही आम्हाला एक पूर्ण तास दिला होता. मी त्यावर किती तास घेतले याची गणना नाही. संयम, अपरिग्रह, पदाचा मोह: सगळे मी त्या प्याद्यावर लादले. प्रवचनांतही. रोह्याच्या राम मंदिरात एकदा पूर्ण सप्ताहभर त्या प्याद्याने माझी साथ केली.

बक्षीस समारंभाला अर्धा तास असताना मी मागच्या वर्गात आभाराचे टाचण पाहत बसलो होतो. एक मुलगी आली. आठवीतली असावी, खांब गावची, रोह्याच्या शाळेत शिकणारी. मागे तिची आई, पदर खोचलेला, हातात डब्याची पिशवी. शेतातली कामे टाकून मुलीला घेऊन पहाटेच्या एस.टी.ने आलेली.

"सर, सातवं माझं चूक दिलंय," मुलगी म्हणाली.

"काय लिहिलंस?"

"उंट."

मी हसलो. होय गुरुजी, हसलो. "बाळ, तिथे हत्ती करायचा आहे."

"हत्तीनं पन होतंय. पन उंटानं पन होतंय. हा उंट असा एक घर तिरका सरकवला तर..."

"ते कोडे माझ्या गुरुजींचे आहे. साठ वर्षे त्याचे उत्तर एकच आहे."

"पन सर, पट तर बदलत नाय ना," ती म्हणाली.

"गप गो!" आईने तिचा दंड धरला. "मोठ्या मानसाला उलट बोलतेस? माफ करा हां गुरुजी. हिला सवयच हाय. घरी पन आसंच करते. मी भात किती लावलं ते सांगितलं की ही वाफे मोजून येते नि सांगते, आई, तुझं चुकलं."

"मग चुकलं होतं का?" मी विचारले, थट्टेने.

"व्हय," आई म्हणाली. "चुकलं होतं. पन म्हणून काय सांगायचं काय?"

मी त्या मुलीला पंचांकडे पाठवले, पंचांनी चिटणीसांकडे, आणि चिटणीसांनी मुलीला प्रमाणपत्रांचा गठ्ठा दाखवला: सगळ्यांवर नावे सुंदर अक्षरात घालून झाली होती. निकाल बदलत नाही. ती परत माझ्याकडे आली नाही. व्यासपीठावर चढताना मला ती दिसली, तिसऱ्या रांगेत, आईच्या शेजारी. तळव्यावर बोटाने काहीतरी सरकवत होती.

आभाराबद्दल तुम्ही मला काय शिकवले ते मी विसरलेलो नाही. मी तेव्हाच्या अकरावीत, मॅट्रिकला. स्नेहसंमेलनात आभार मानायचे काम तुम्ही मला दिले होते आणि मी बारा मिनिटे बोललो. दोन श्लोकांनी आरंभ केला, मध्ये कृतज्ञतेच्या व्याख्या केल्या, आणि शेवटी 'आपणा सर्वांच्या ऋणातच राहणे मला आवडेल' म्हणून खाली बसलो. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही घरी बोलावले. मला अजून तुमचे स्वयंपाकघर दिसते. काकू चुलीपाशी तांदळाचे घावणे घालत आहेत, तवा चर्र आवाज करतो आहे, आणि तुम्ही पाटावर बसून, माझ्याकडे न पाहता, घावण्याचा कडेचा जाळीदार तुकडा मोडत बोलत आहात. "ऋणात राहायचं तर घरी राहावं. सभेत उभं राहून आभार मानायचे असतात." मग म्हणालात, "पाणी कोणी भरलं काल?" मला माहीत नव्हते. "दोनशे माणसं पाणी प्यायली. तुझ्या व्याख्येत ती बाई कुठे बसली?" काकूंनी माझ्या ताटात दुसरे घावणे टाकले आणि म्हणाल्या, "पोराला खाऊ तरी द्या हो, मग ओरडा." तुम्ही ओरडला नव्हता. ओरडला असता तर बरे झाले असते.

त्या दिवशी तुम्ही सांगितलेले मी टाचण करून ठेवले. पाच मिनिटे, सहावे नाही. नावे आठवणीने नाही, कागदावरून. आणि ज्याचे नाव घ्यायचे त्याला आधी विचारून घ्यायचे की नाव कसे म्हणतात. पाहुणे आधी, कारण त्यांनी चपलांकडे पाहायला आरंभ केलेला असतो. मग अध्यक्ष, मग चषक देणारे, मग पंच, परीक्षक, शिक्षक, शिपाई, ध्वनिक्षेपक लावणारा, पाणी भरणारी, पालक, आणि सगळ्यांत शेवटी खेळणारी मुले, कारण त्यांच्यावाचून सभाच नसती. प्रत्येक नावानंतर थांबून त्या माणसाकडे पाहायचे. नवीन विषय काढायचा नाही. आणि जे घडले तेवढ्याचेच आभार. "न घडलेल्या गोष्टीचे आभार मानलेस तर ती खोटी साक्ष," तुम्ही म्हणालात. "तुझ्यानंतर वंदे मातरम्. त्यानंतर जे बोललं जातं ते सभेत बोललेलं नसतं. तेव्हा शेवटचा शब्द तुझा. सांभाळून वापर."

व्यासपीठावर मी असा तुमचा शेवटचा शब्द घेऊन बसलो होतो आणि चिठ्ठ्या येत होत्या. आभार मानणाऱ्याला चिठ्ठ्या येतात, हे तुमच्या काळीही होते. पण आता त्यांना अंत नाही. 'मंडपवाले राहिले.' 'अल्पोपाहार ज्यांनी केला त्या ताईंचे नाव घ्यावे.' 'माजी उपसरपंच आत्ताच आले आहेत, मागे उभे आहेत.' पाहुण्यांच्या भाषणाच्या विसाव्या मिनिटापर्यंत माझ्याजवळ सात चिठ्ठ्या जमल्या. शिवाय चिटणीसांनी टंकलिखित मसुदाच हातात दिला होता, त्यात परीक्षकांच्या पुढे लिहिले होते: 'अचूक व निर्दोष परीक्षणाबद्दल.' पाहुणे आयुष्य हाच एक बुद्धिबळाचा पट कसा आहे हे सांगत होते. त्यांचा राजा केव्हा मरणार ते दिसेना. मी कंटाळून एका चिठ्ठीच्या मागे सातवे कोडे आखले.

उंट एक घर तिरका सरकवला. तो काळ्या राजाला जाऊन चिकटतो, शह देतो, आणि त्याला मारता येत नाही, कारण पांढऱ्या राजाचा हात त्याच्यावर आहे. काळ्याला दोन घरे: वर कोपरा, खाली काठ. वर गेला, तर प्याद्याचा वजीर होतो, मात. परतीचे घर उंटाने धरले आहे. खाली गेला, तर प्याद्याचा वजीर होतो, मात. वरचे घर आणि खालचे घर दोन्ही त्याच एका उंटाने धरली आहेत. मी तीनदा पाहिले. गुरुजी, तो उंट तुम्ही फक्त दिशाभूल करायला ठेवला होता. तो काढून टाकला असता तर उत्तर एकच राहिले असते. आणि सगळ्यांत संतापाची गोष्ट ही की त्या उत्तरात प्यादे शेवटी वजीरच होते. संयम नाही, अपरिग्रह नाही. आधी एका उंटाने नीट तयारी केली की वजीर खुशाल व्हावे! माझा सप्ताह वाहून गेला.

तेवढ्यात बक्षिसे सुरू झाली. पेणच्या एका मुलाला साडेपंधरा गुण, चषक त्याचा. खांबच्या मुलीला पंधरा, दुसरा क्रमांक. तिचे सातवे धरले असते तर बाराच्या बारा कोडी बरोबर आणि एकूण सोळा. हा हिशेब करायला मला चिठ्ठीची गरज पडली नाही. ती आली, प्रमाणपत्र घेतले, नमस्कार केला. माझ्यासमोरून जाताना तिने माझ्या हातातल्या चिठ्ठीवरचा पट पाहिला. क्षणभर थांबली, आपले कोणी ओळखीचे वाटेत भेटावे तशी.

मी चिटणीसांना खुणेने जवळ बोलावले. "सातव्या कोड्याला दोन उत्तरे आहेत."

"सर, आत्ता?" ते माझ्या कानाशी वाकले. "चषक दिलाय. फोटो काढून झालेत."

"मी आभारात सांगतो."

"आभारात निकाल नसतो हो सर! आभार म्हणजे आभार. तुम्ही फक्त नावं घ्या, मी नंतर बघतो."

"वंदे मातरम् नंतर?"

"हो, नंतर. आणि मंडपवाल्यांचं विसरू नका."

मी सावकाश उठलो. वयामुळे, असे मी सभेला भासवले. पाहुण्यांचे आभार मानले. ते अर्धे उठलेलेच होते, पुन्हा बसले. अध्यक्षांचे मानले. चषक देणाऱ्या कुटुंबाचे. पंचांचे, पाच फेऱ्यांत एकही तक्रार उरू न देण्याबद्दल, आणि ते खरे होते. मग परीक्षकांवर आलो आणि मसुद्यातले ते दोन शब्द माझ्या डोळ्यांसमोर. मी कागद खाली ठेवला. म्हणालो, "परीक्षकांचे आभार. त्यांनी मी दिलेल्या उत्तरपत्रिकेप्रमाणे चोख तपासले. पण उत्तरपत्रिका अपुरी होती. सातव्या कोड्याला दोन उत्तरे आहेत, आणि दुसरे उत्तर या सभेत एकाच स्पर्धकाने लिहिले. ते चूक ठरवले गेले. ती चूक तपासणाऱ्यांची नाही. ती माझी आहे. ज्या मुलीने ते शोधले तिचे आभार मी पालकांच्या नंतर नाही, आत्ताच मानतो."

मागून कोणीतरी माझा सदरा ओढला. चिटणीस असणार. चषक मिळालेल्या मुलाचे वडील उभे राहिले. "म्हणजे काय? आमच्या पोरानं पण बरोबरच लिहिलंय ना?" मी म्हणालो, "होय. त्याचेही बरोबर आहे." "मग?" "मग दोघांचे बरोबर." सभेत हशा पिकला, आणि हशा पिकला की सभा हातची जाते. अध्यक्ष माझ्याकडे पाहत होते, जणू मी वंदे मातरम् म्हणायलाच विसरलो. तेव्हा पंच उठले. त्यांनी भिंतीला टेकवून ठेवलेला मोठा लोंबता पट, मुलांना डाव समजावून सांगायचा, फळ्यावर टांगला आणि सोंगट्या खोचायला लागले.

"सांग गो पोरी," ते गरजले, "कुठं सरकवलास तुझा उंट?"

मुलगी जागेवर उभी राहिली. आईने या वेळी दंड धरला नाही. "तिरका. एक घर. काळ्याच्या शेजारी."

पंचांनी सरकवला. काळा राजा वर नेला, प्याद्याचा वजीर केला. काळा राजा परत खाली घेतला, पुन्हा वजीर. मग एक पाऊल मागे सरून कमरेवर हात ठेवून पाहिले, जाळ्यात किती आले ते पाहावे तसे. "बरोबर हाय," म्हणाले. "दोन्हीकडं मात. आणि नियम सांगतो, कोड्याला दुसरं उत्तर निघालं तर तेही धरायचं. हे मी नाय म्हनत, सगळीकडं आसंच हाय."

पुढचे तुम्हाला सांगायला लाज वाटते. तिचे सोळा झाले, मुलाचे साडेपंधरा, गोष्ट सरळ होती. पण समितीने व्यासपीठाच्या मागे पाच मिनिटे खलबत केले आणि दोघांना संयुक्त विजेते घोषित केले. चषक सहा महिने पेणला, सहा महिने खांबला. आपल्याकडे सत्यालाही अर्धे करून वाटल्यावाचून समाधान होत नाही. मी विरोध करायला तोंड उघडले, तर मुलीची आई खालूनच म्हणाली, "सहा महिने पुरे झाले ओ गुरुजी. घासायला पन लागतो ना तो." मुलगा मात्र खरा खेळाडू निघाला. खाली उतरून तो मुलीला विचारत होता, "तुला आधी उंट कसा दिसला गं?" आणि ती म्हणाली, "मोकळा होता ना. मोकळा ठेवलाय म्हंजे काय तरी काम असंल." गुरुजी, तुमचा दिशाभूल करणारा उंट. त्याला कामाचा समजणारी ही पहिली.

मग मी उरलेले आभार पूर्ण केले. शिपाई, ध्वनिक्षेपक, पाणी भरणाऱ्या दोघी, मंडपवाले, मागे उभे असलेले माजी उपसरपंच. पाच मिनिटे केव्हाच उलटली होती, आणि कोणी चपलांकडे पाहत नव्हते. नंतर लोक येऊन माझे हात धरत होते. "गुरूंची चूक स्वतःवर घेतलीत. काय ही गुरुभक्ती!" एका प्राध्यापकांना तर डोळ्यांत पाणी आले. मला इतका संताप आला की मी वडखळला बस बदलताना रोह्याच्या बसऐवजी अलिबागच्या बसमध्ये चढलो आणि कंडक्टरने उतरवले.

कारण ती गुरुभक्ती नव्हती. ते मला व्यासपीठावर, बोलता बोलताच कळले. 'ती चूक माझी आहे' हे शब्द तोंडातून बाहेर पडले तेव्हा माझ्या बोटांना काहीतरी आठवले.

तुमच्या सोंगट्या शाडूच्या होत्या. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात उरलेल्या मातीतून तुम्ही आमच्यासाठी करून घेतलेल्या. मूर्तिकाराचा हात काही केल्या सोंडेवाचून राहीना, म्हणून तुमचे हत्ती सगळे अर्धे गणपती. त्याच स्वयंपाकघरात, घावण्याच्या वाफेत, मी अकरा वर्षांचा, आणि तुम्ही सातवे कोडे माझ्यासमोर मांडले आहे. एका हातात वजीर, एका हातात हत्ती धरून तुम्ही विचारता, "बोल, प्यादे पोचल्यावर काय घेशील?" मी "हत्ती" म्हणालो आणि तुम्ही तो हत्तीच मला देऊन टाकलात. बक्षीस. तो अजून माझ्या देवघरात आहे. सोंडेचे टोक उडाले आहे. सून त्याला गणपतीच समजते. रोज जास्वंद वाहते, चतुर्थीला दूर्वा. मी कधी तिला सांगितले नाही, आणि आता सांगून उपयोग नाही, इतकी वर्षे पूजा घेतलेल्या हत्तीला पटावर कोण परत पाठवणार? परवा पेणला निघताना तो मी रुमालात गुंडाळून खिशात घातला होता, विजेत्याला द्यावा म्हणून. मुलीसमोर उभा राहिलो तेव्हा हात खिशात होता. तसाच परत आणला. तिला हत्ती देणे म्हणजे पुन्हा अपुऱ्या उत्तराचे बक्षीस देणे झाले असते, असे मी स्वतःला समजावले. ते पूर्ण खरे नाही.

खरे असे आहे. त्या दिवशी "हत्ती" म्हणण्याच्या आधी माझा हात उंटाकडे गेला होता. त्याला बोटे लागली होती. ओलसर, थंड शाडू, अजून आठवतो. तेव्हा तुम्ही घसा खाकरलात, आणि मी तुमच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग तुमच्या हातांतल्या त्या दोन सोंगट्यांकडे, आणि उंट सोडून दिला. हात लावलेली सोंगटी खेळलीच पाहिजे, हा तुमचा नियम. त्या एका दिवशी तो तुम्ही लावला नाही, आणि मी तुम्हाला आठवण करून दिली नाही. तुम्ही पाहिले होते का? हे विचारण्यासाठी लिहायला बसलो होतो. पण आता वाटते, तुम्ही पाहिले नसेल तर हे पत्र धाडू नये, आणि पाहिले असेल तर धाडवणार नाही. वहीच्या शेवटच्या पानावर, सातव्यासमोर, तुमच्या 'हत्ती'शेजारी मी आज सकाळी पेन्सिलीने 'उंटही' लिहिले. शाईने लिहायचे धैर्य झाले नाही.